मॉक ड्रिलमधल्या चिठ्ठ्यांवरून ट्रायाजचा तक्ता: पहिल्यांदा नोंदीला बसणाऱ्यांसाठी

मी सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे एमआयडीसीतल्या कारखान्यांबरोबर मॉक ड्रिल होतात आणि नोंदीच्या टेबलावर बहुतेक वेळा नवीन माणूस बसवतात, कारण ते 'नुसतं लिहायचं काम' समजलं जातं. माझ्या पहिल्या ड्रिलमध्ये मीही तशीच बसले आणि रुग्णालयाला फोनवर चुकीचा आकडा कळवला. तोच प्रसंग इथे उलगडून सांगते.

प्रसंग असा: कामगारांची बस आणि टँकरची धडक. जखमींच्या भूमिकेत कॉलेजची मुलं आणि काही कामगार. सायरन १०:१० ला वाजला. ट्रायाज म्हणजे कोणाला उपचार आधी हवेत याची वर्गवारी; त्यात प्रत्येक जखमीला नंबराचा टॅग आणि एक रंग मिळतो: लाल सर्वांत तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा चालता येणारा, काळा श्वास नसलेला. तीन जण लिहून पाठवत होते: एक बसजवळ, एक लाल-पिवळ्यांच्या उपचाराच्या जागी, एक चालत आलेल्यांच्या घोळक्यात. माझ्याकडे आलं ते असं: ग्लोव्हजच्या पाकिटामागे लिहिलेलं, चिकटपट्टीवर लिहिलेलं, एकाने तर तळहातावर लिहून आणलेलं. एकूण २८ ओळी. मी रंग मोजले: लाल ७, पिवळे ८, हिरवे ११, काळे २. "सिस्टर, लाल किती?" असं रुग्णालयातून सरांनी फोनवर विचारलं आणि मी "सात" म्हणाले. तिकडे सात खाटा रिकाम्या करायला घेतल्या. प्रत्यक्षात लाल पाचच होते.

मी माणसं मोजली नव्हती, ओळी मोजल्या होत्या. बसमधून उचललेला जखमी उपचाराच्या जागी पोचला की तिथला माणूस त्याची पुन्हा नोंद करतो. टॅग १४ आणि टॅग ११ असे दोनदा लाल म्हणून आले होते, टॅग ३ दोनदा पिवळा म्हणून. म्हणून आता मी रंगांना हातच लावत नाही. आधी कोऱ्या कागदावर टॅग नंबर एकाखाली एक लिहिते आणि प्रत्येक चिठ्ठी तिच्या नंबरासमोर वेळेसकट उतरवते. एकाच नंबरासमोर दोन नोंदी आल्या तर नंतरच्या वेळेची धरायची. कुठलं अक्षर सुवाच्य आहे हे बघायचं नाही. टॅग १७ हा १०:२० ला चालत आला म्हणून हिरवा होता. १०:४४ ला तो खाली बसला, छाती दुखतेय म्हणाला, श्वास मिनिटाला ३४. म्हणजे तो लाल. जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे तो कधी बिघडला हे डॉक्टरांना दिसतं.

वाचताना दोन गोष्टी हमखास फसवतात. टॅगवर आकडे इंग्रजीत छापलेले असतात आणि घाईत आपला माणूस ते मराठीत उतरवतो. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. चिकटपट्टीवरचा '१४' माझ्या शेजारच्या मुलीने अठ्ठ्याण्णव वाचला. टॅगचं पुस्तक २५ पर्यंतचंच होतं म्हणून तो पकडला गेला. नुसता '४' असता तर आठ म्हणून बिनबोभाट खपला असता. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं. 'बी' कोणी काळ्यासाठी लिहितं, कोणी ब्लीडिंगसाठी. ड्रिलच्या आधी तिघांना एकत्र बोलावून ला, पि, हि, का एवढंच लिहायचं असं मी ठरवून घेते आणि घड्याळं जुळवून घेते. घड्याळं पुढेमागे असतील तर नंतरची नोंद कोणती हेच ठरत नाही.

आता रंगाविषयी. आम्ही स्टार्ट पद्धत वापरतो. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि तिथलं होग रुग्णालय यांनी ती बसवली. तिचा क्रम पाठ हवा, कारण त्यावरूनच चिठ्ठीतली चूक दिसते. चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही, तोंड वर करून श्वासमार्ग मोकळा केला तरी येत नाही, तो काळा. मोकळा केल्यावर आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही, किंवा 'हात दाब' म्हटलं तरी दाबत नाही, यातलं एकही असेल तर लाल. उरलेले पिवळे. लहान मुलांना वेगळे निकष आहेत, त्यांची चिठ्ठी या मोजपट्टीने तपासू नका.

टॅग ६ ची चिठ्ठी होती: 'पि, श्वास ३६, बोलतो'. बोलतो म्हणून लिहिणाऱ्याला तो बरा वाटला असणार. पण ३६ म्हणजे लाल. इथे टेबलावर बसून रंग बदलायचा मोह होतो. तो आवरा. आपण माणूस पाहिलेला नाही, कदाचित श्वासच चुकीचा मोजला असेल. मी नंबराभोवती गोल केला आणि ट्रायाज बघणाऱ्या मॅडमना निरोप धाडला. त्यांनी १०:४० ला पुन्हा तपासून लाल केला, तेव्हा मी तो लाल लिहिला.

दुबार काढल्यावर २८ च्या २३ झाल्या: लाल ५, पिवळे ६, हिरवे १०, काळे २. टॅगच्या पुस्तकातून फाडलेले टॅगही २३. कागद जुळला, मी निर्धास्त झाले. पण टॅगची मोजणी फक्त टॅग लागलेल्यांची असते. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरकडे बसमधल्या लोकांची यादी होती, त्यात २४ नावं. पुन्हा आत शिरल्यावर मागच्या सीटखाली एक ताई सापडल्या, मांडीला दुखापत. त्यांना आवाज द्यायचा नाही असंच सांगितलेलं होतं. श्वास २४, नाडी लागतेय, सांगितलेलं करतात, चालता येत नाही: पिवळ्या. पिवळे ७, एकूण २४. खऱ्या अपघातात अशी पक्की यादी क्वचितच मिळते. तेव्हा कंडक्टरकडे किती तिकिटं फाटली ते विचारा. पास असलेले आणि मांडीवरची मुलं त्यात नसतील हे धरूनच विचारा.

हलवण्याचा क्रम डॉक्टर ठरवतात, पण तो कागदावर कारणासकट उतरवणं आपलं काम. 'लाल आधी' एवढं पुरत नाही, पाच लाल आणि गाड्या तीन होत्या. टॅग १४: पोट कडक, मनगटाची नाडी नाही. आतला रक्तस्राव रस्त्यावर थांबत नाही, म्हणून पहिली गाडी, १२ मिनिटांवरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथे सर्जन हजर होते. टॅग १७ दुसरा, कारण तो डोळ्यांदेखत बिघडत होता, तोही तिथेच. टॅग ११ डोक्याचा मार, हुकूम पाळत नव्हता. त्याला ४० मिनिटांवरच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. जवळ नेलं असतं तर न्यूरोसर्जन नसल्याने पुन्हा गाडीत घालावं लागलं असतं. मात्र ती गाडी परत यायला सव्वा तास तरी जाणार, हे मी शेऱ्यात लिहिलं. टॅग ६ ऑक्सिजनवर स्थिर, चौथा. टॅग २ च्या पायाचा रक्तस्राव दाबपट्टीने थांबून नाडी परत आली होती, तो पाचवा. हे दोघं जवळून परतणाऱ्या गाड्यांत गेले.

माझ्या तक्त्यात एवढेच रकाने असतात: टॅग, वर्ग, शेवटच्या तपासणीची वेळ, एका ओळीत कारण, क्रम, गाडी, कुठे, निघाल्याची वेळ. वर आकड्यांची चौकट, तिच्यावर 'किती वाजताचे' हे ठळक. फोनवर आकडा सांगतानाही वेळ आधी सांगते: "१०:५० ची स्थिती, लाल पाच." दर गाडी सुटली की 'जागेवर' अधिक 'गेलेले' यांची बेरीज २४ येतेय का बघते. त्या दिवशी मध्येच ती २२ आली. दोन हिरवी मुलं कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आपली आपण दवाखान्यात निघून गेली होती. तसं ते खऱ्यातही जातात आणि जखमींच्या आधी कॅज्युअल्टीचं दार अडवतात. त्यांच्यापुढे 'स्वतः गेले' असं लिहून रुग्णालयाला कळवलं. काळे दोघं शेवटपर्यंत जागेवरच्या रकान्यात राहिले, ते पंचनामा झाल्यावरच हलतात.