जुने गिऱ्हाईक संदेशामुळे परतले की पेरणीमुळे? या चुका टाळा

लातूर किंवा परभणीकडचे एखादे कृषी सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीनची काढणी चालू असताना दुकानदार जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवतो, महिनाभरात त्यांतील पन्नासएक जण हरभऱ्याचे बियाणे घेऊन जातात आणि दुकानदार ते सगळे संदेशाच्या खात्यावर मांडतो. त्यांतले काही जण पेरणीसाठी तसेही आले असते, ही गोष्ट मात्र या हिशोबात कुठेच येत नाही.

पहिली चूक यादी काढतानाच होते. तीन महिने खरेदी नाही म्हणजे गिऱ्हाईक तुटले, हा किराणा दुकानाचा नियम येथे चालत नाही. फक्त खरीप घेणारा कोरडवाहू शेतकरी डिसेंबरमध्ये दिसला नाही, तर तो तुटलेला नसतो. म्हणून गेल्या रब्बीत ज्याने खरेदी केली, पण त्यानंतरच्या खरिपात जो फिरकला नाही, त्यालाच यादीत घ्यावे. बिल वडिलांच्या नावावर आणि खरेदीला येणारा मुलगा, असे प्रकार सर्रास असल्यामुळे एका घराची एकच ओळ ठेवावी. नाहीतर परतलेले घर कागदावर न परतलेले दिसते.

याच टप्प्यावर उधारीची वही उघडणे आवश्यक आहे. बाकी थकल्यामुळे दुकानासमोरून जायचे टाळणाऱ्याला ‘बरेच दिवस आला नाहीत’ असा संदेश गेला, तर तो त्याला तगादाच वाटतो आणि तो आणखी लांब जातो. अशी नावे वेगळी काढावीत. त्यांच्याशी समक्ष बोलणेच बरे.

आता मोजणीची तयारी. समजा, यादीत ४०० घरे उरली. त्यांतील १०० घरांना मुद्दाम संदेश पाठवायचा नाही. ही शंभर घरे आपल्या मर्जीने निवडू नयेत, कारण ‘हा काही येणार नाही’ अशी घरे आपण नकळत बाजूला काढतो. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीपुढे पुढील सूत्र लिहावे:

```
=RAND()
```

हे आकडे दर वेळी बदलतात, त्यामुळे ते आधी कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवावेत, मग त्यांच्या क्रमाने यादी लावावी आणि वरची १०० घरे राखून ठेवावीत.

संदेश साधा असावा: ‘रामराम. गेल्या वर्षी आपण आमच्याकडून हरभऱ्याचे बियाणे नेले होते. यंदाचे बियाणे आले आहे. १० नोव्हेंबरपर्यंत ट्रायकोडर्मावर ५० रुपये कमी. संदेश नको असल्यास ‘नको’ एवढेच कळवावे.’ जो ‘नको’ म्हणेल, त्याचा क्रमांक त्याच दिवशी यादीतून काढावा, अन्यथा आपला क्रमांक ब्लॉक होतो. संदेशाची वेळ पेरणीच्या आधीची हवी. बियाणे घरात येऊन पडल्यावर गेलेला संदेश वायाच.

संदेश गेला, पण पोहोचला नाही, ही नेहमीची तक्रार आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांकच बसतात, म्हणून ३०० घरांसाठी दोन याद्या कराव्या लागतात. शिवाय ज्याने आपला क्रमांक जतन केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट मिळतच नाही. बऱ्याच नावांपुढे एकच खूण राहिली, तर कारण बहुधा हेच असते. मात्र हिशोब करताना ‘ज्यांना पोहोचला तेवढेच धरू’ असे करू नये. आपला क्रमांक जतन करणारे मुळातच दुकानाशी जास्त जोडलेले असतात, त्यामुळे तुलना बिघडते. पाठवलेली तीनशेच्या तीनशे घरे मोजावीत.

परतणे म्हणजे बिल झाले. निळी खूण किंवा ‘येतो’ असे उत्तर नव्हे. संदेशाच्या दिवसापासून ३० नोव्हेंबरपर्यंत दोन्ही गटांतील घरांची बिले पाहावीत. समजा, संदेश गेलेल्या ३०० पैकी ५४, म्हणजे १८ टक्के घरे आली आणि राखून ठेवलेल्या १०० पैकी ९ आली. म्हणजे संदेश न पाठवताही तीनशेंतील सुमारे २७ घरे आलीच असती. संदेशाची खरी कमाई उरलेली २७. पण ५० रुपयांची सूट ५४ जणांनीही घेतली असेल, तर २,७०० रुपये गेले, म्हणजे खऱ्या अर्थाने परत आणलेल्या एका घरामागे १०० रुपये. त्या घराच्या खरेदीवरील नफा याहून कमी असेल, तर सूट काढून नुसता संदेश पाठवून पाहावा.

राखीव शंभरांतून ९ ऐवजी १४ आली असती, तर फरक चारच टक्क्यांचा राहिला असता, आणि एवढ्या लहान गटांत तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तसे झाल्यास पुढच्या हंगामात नव्या गटांवर हेच पुन्हा करावे. एक अडचण मात्र राहतेच: गावच्या ग्रुपवर कोणी संदेश पुढे ढकलला, तर तो राखीव घरांतही पोहोचतो आणि फरक प्रत्यक्षाहून कमी दिसतो. काउंटरवर राखीव घरातील कोणी सूट मागितली, तर ती द्यावी. पण बिलावर तशी खूण करून ठेवावी.