शिसं मोजायला एएएस की आयसीपी? बोअरच्या पाण्यावर काम करणाऱ्या नवख्यांसाठी

उमवितून एम.एस्सी. करून पाणी तपासणीच्या लॅबमध्ये लागलात की सगळे विचारतात, एएएस शिकू की आयसीपी? आधी कुठला धातू कुठल्या मर्यादेला मोजायचाय ते बघा. लोह, जस्त असेल तर फ्लेम एएएस आरामात पुरतं. शिशाचं तसं नाही. आयएस 10500 मध्ये शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 10 पीपीबी. एवढं शिसं फ्लेमला धड दिसतच नाही. तेव्हा फ्लेमवर 'आढळलं नाही' आलं म्हणून पाणी निर्धोक आहे असं लिहू नका.

मग आयसीपी. एका फवाऱ्यात सगळे धातू मोजून होतात, अ‍ॅक्सियल व्ह्यू असेल तर 10 पीपीबी शिसंही दिसतं. पण यावल-चोपड्याकडच्या खाऱ्या, जड बोअरच्या पाण्याने मला इथेच सगळ्यात जास्त छळलं. आपली स्टँडर्ड्स शुद्ध पाण्यात 2 टक्के नायट्रिक घालून केलेली असतात. नमुन्यात मात्र कॅल्शियम, सोडियम भरपूर. त्याने फवारा बदलतो, प्लाझ्माची स्थितीही बदलते आणि शिशाचा सिग्नल दबतो. कॅलिब्रेशनचा R² 0.999 आला तरी हे कळत नाही, कारण त्या रेषेत तुमचं पाणी नसतंच. 'R² चांगला आलाय, पाठव रिपोर्ट' म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा 'स्पाइक केलास का?' विचारणारा कटकट्या सीनियर धरून ठेवा.

उदाहरण घ्या. नमुना 9.1 पीपीबी दाखवतोय, म्हणजे पास. त्याच पाण्याच्या 50 मिलीत 1 पीपीएम शिशाचं 0.5 मिली द्रावण घाला. साधारण 10 पीपीबी वाढायला हवेत, पण वाचन येतं 17.6. वाढ फक्त 8.5, म्हणजे रिकव्हरी 85 टक्के. आता 9.1 ला 0.85 ने भागा: 10.7. पाणी नापास!

घाबरू नका, यावर इलाज आहे. यिट्रियम इंटर्नल स्टँडर्ड लावा, किंवा त्याच पाण्यात दोन-तीन स्पाइक देऊन स्टँडर्ड अ‍ॅडिशन करा. पातळ करून सुटू म्हणाल तर पाचपट पातळ केल्यावर 10 चे 2 पीपीबी उरतात आणि सिग्नल गोंगाटात बुडतो.

एक गोष्ट मात्र स्पाइकने पकडता येत नाही. 220.353 नॅनोमीटरच्या शिशाच्या रेषेजवळ अ‍ॅल्युमिनियमचा त्रास असतो. त्याने पार्श्वभूमी वर उचलली गेली असेल तर रिकव्हरी उत्तम येऊनही आकडा जास्तच येतो. म्हणून नुसता आकडा बघू नका, स्क्रीनवर पीक उघडून बघा.

निकाल मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर मी ग्रॅफाइट फर्नेसवर जाते. 20 मायक्रोलिटर पुरतं आणि 1 पीपीबीच्या आतलं शिसंही दिसतं. वेळ खातं, एका वेळी एकच धातू. शिवाय पाण्यातल्या क्लोराइडमुळे शिसं अ‍ॅशिंगमध्येच उडून जाऊ शकतं, म्हणून फॉस्फेट मॉडिफायर घातल्याशिवाय फर्नेस चालवायचा नाही. स्पाइक तिथेही द्यायचाच.