पंचांगाच्या फोटोवरून महिन्याची यादी करताना या चुका टाळा

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे तिथी मोजत भरणे. फोटोत पहिली ओळ नीट दिसते, पुढच्या पुसट असतात. मग प्रतिपदा, द्वितीया, तृतीया असे आपण अंदाजाने लिहीत जातो.

फेब्रुवारी २०२५ मधला माघ कृष्ण पक्ष घ्या. तो गुरुवारी १३ तारखेला सुरू झाला आणि २७ ला संपला. दिवस १५, तिथीही १५. त्यामुळे मोजून भरलेली यादी अगदी बरोबर वाटते. पण १८ आणि १९ या दोन्ही दिवशी सूर्योदयाला षष्ठीच होती, म्हणजे तिथीची वृद्धी. पुढे अमावास्या २७ ला सकाळी सुमारे ८:५४ ला लागून २८ ला ६:१४ च्या सुमारास, सूर्योदयाआधीच संपली, म्हणजे क्षय. एक वाढली, एक गळली, बेरीज जुळली. मोजणाऱ्याच्या यादीत मात्र १९ पासून सगळ्या तिथी एक दिवस अलीकडे सरकल्या आणि एकादशी सोमवार २४ ऐवजी रविवार २३ वर पडली.

त्याहून फसवी गोष्ट महाशिवरात्रीची. मोजणीने चतुर्दशी २६ वर येते आणि महाशिवरात्रही २६ लाच छापलेली असते, म्हणून आपली खात्री पटते. प्रत्यक्षात २६ च्या ओळीत त्रयोदशी आहे, ११:०८ पर्यंत. पंचांगात सूर्योदयाची तिथी आणि ती संपण्याची वेळ छापतात. महाशिवरात्र मध्यरात्रीच्या चतुर्दशीवरून ठरते. म्हणून ‘त्रयोदशी’समोर महाशिवरात्र दिसली तर ती खालच्या ओळीत ढकलू नका. संकष्टीचेही तसेच, ती चंद्रोदयावरून ठरते.

यासाठी यादीचा कणा तिथी नव्हे, तारीख आणि वार असू द्या. आधी तेवढेच दोन रकाने उतरवा, मग तिथी, समाप्ती आणि दिनविशेष. या तीन ओळी अशा येतील:

२६ बुध – त्रयोदशी ११:०८ – महाशिवरात्री
२७ गुरु – चतुर्दशी ८:५४, नंतर अमावास्या
२८ शुक्र – फाल्गुन शुक्ल प्रतिपदा

समाप्तीची वेळ ३०-१४ अशी दिसली तर ती वाचण्यातली चूक समजून दुरुस्त करू नका. २४ वजा केले की दुसऱ्या दिवशीचे ६:१४ निघतात.

शिवणीजवळ पान वाकलेले असेल तर दिनविशेषाचा रकाना फोटोत अर्धी ओळ वर-खाली सरकतो. फोटो मोठा करून प्रत्येक ओळीखाली पट्टी धरा. १ आणि ९ ची गल्लत झाल्याची शंका आली तर वरच्या-खालच्या ओळींतल्या समाप्तीच्या वेळा पाहा. सलग दिवसांत त्या काही मिनिटांपासून फार तर चारेक तासांनीच पुढे-मागे होतात. एकदम आठ तासांची उडी दिसली तर आकडा पुन्हा वाचा.

आणि एका पानावर एक पक्ष असतो, इंग्रजी महिना नव्हे. हा फेब्रुवारी तीन पानांवर होता: १२ पर्यंत माघ शुक्ल, २७ पर्यंत माघ कृष्ण, आणि एकट्या २८ साठी तिसरे पान. तिन्हींचे फोटो असल्याशिवाय यादी सुरू करू नका.