घोट्यावरचे तपकिरी डाग आणि खाज: या चुका टाळा

घोट्याच्या किंचित वर, पायाच्या आतल्या बाजूला त्वचा तपकिरी पडून खाजू लागली की बहुतेकांना ते गजकर्ण वाटते आणि औषधाच्या दुकानातून मलम आणले जाते. पहिली चूक इथेच होते. अशा अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज काही दिवस थांबते, पण महिनोन्‌महिने लावल्यास आधीच नाजूक झालेली त्वचा आणखी पातळ होते. मूळ बिघाड शिरांच्या झडपांत असतो. त्या नीट मिटत नसल्यामुळे उभे असताना रक्त खाली साचते, वाढलेल्या दाबाने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतील लोह त्वचेत उरते. म्हणूनच हा डाग कितीही घासला तरी जात नाही.

समजा, नागपूरच्या इतवारीतील एक किराणा दुकानदार दिवसभर उभे राहून माल देतात. सायंकाळी मोज्याचा वळ खोल उमटतो, सकाळी सूज उतरलेली असते आणि मांडीपासून फुगलेल्या निळसर शिरा दिसतात. डागाला गजकर्णासारखी उठावदार कडा नसते. अशा वेळी उभ्या स्थितीत शिरांची डॉपलर सोनोग्राफी केली, तर कोणती झडप गळते ते कळते आणि उपचाराला दिशा मिळते.

दुसरी चूक अधिक धोकादायक आहे: स्वतःच क्रेप बँडेज करकचून बांधणे. दाबाचे मोजे हा या विकाराचा मुख्य आधार खरा, परंतु पायाच्या धमन्यांतून रक्त कमी येत असेल, तर तोच दाब पाय गमावण्यास कारण ठरू शकतो. मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना आधी करून घ्यावी. मोजे सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वीच चढवावेत, कारण सूज आल्यावर ते नीट बसत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात ते असह्य होतात, हे मान्य. तरी परस्पर सोडून न देता डॉक्टरांना विचारून कमी दाबाचे घ्यावेत आणि दुपारी आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर, उशांवर अर्धा तास ठेवावेत. रात्री मोजे काढल्यावर साधे, बिनवासाचे पेट्रोलियम जेली लावले तर कोरड्या हवेने वाढणारी खाज आटोक्यात राहते.

व्रण होण्याआधी पाय खुणा देतो. त्वचा लाकडासारखी कडक होते, तांबड्या ठिपक्यांचा चिनी मातीसारखा पांढरा चट्टा उमटतो, किंवा खाजवलेल्या जागेतून पाणी झिरपत राहते. तेथे हळद, चुना किंवा निओमायसिनचे मलम लावू नये; या मलमाची ॲलर्जी अशा पायांना सहज होते. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन न चिकटणारी पट्टी लावावी आणि दोन आठवड्यांत ती भरली नाही, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा विभागात दाखवावी. लाली झपाट्याने पसरत असेल, ताप आला असेल किंवा पोटरी अचानक एकाच बाजूला सुजली असेल, तर त्याच दिवशी जावे. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास आडवे होऊन पाय उंच धरावा, जागेवर घट्ट दाब द्यावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.