घड्याळाच्या १८०० कॅलरींवर जेवू नका

रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून नेरळहून पेब किल्ल्याचा ट्रेक केला की हातातलं घड्याळ १८०० वगैरे कॅलरी दाखवतं, पण त्यात तुमचे ब्रेक आणि नुसतं बसूनही जळल्या असत्या त्या कॅलरी धरलेल्या असतात. ७० किलोच्या माणसाचा हिशोब बघा, दोन तास चढ म्हणजे साधारण ९००, दीड तास उतार म्हणजे ३५०, त्यातून बसल्या जागी जळणाऱ्या अडीचशे वजा केल्या की उरतात हजार. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७७०० कॅलरी, म्हणजे एका ट्रेकला फार तर १३० ग्रॅम, तेही खाली उतरून दोन वडापाव, गोड कोल्ड्रिंक आणि घरी येऊन बिर्याणी चापली नाही तरच.

म्हणून डबा घरूनच न्या. दोन उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे, तीन-चार खजूर आणि परतीसाठी एक थालीपीठ, पाचशेच्या आसपास होतं सगळं आणि खाली उतरल्यावर भुकेने जीव जात नाही. पाणी तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ.

आधी तीन आठवडे बिल्डिंगचे दहा मजले पाठीवर सॅक घेऊन चढा आणि हळूहळू उतरासुद्धा, कारण मांड्या उतारावरच भरतात.

सोमवारी वजन करू नका हां, घामाने कमी दिसेल नाहीतर अंगदुखीच्या सुजेने जास्त, गुरुवारी सकाळी करा.