लाखेच्या बांगड्या आणि कुंदन : पाण्यात न बुडवता सफाई

लग्नसराईनंतर लाखेच्या बांगड्यांच्या आणि कुंदनाच्या खड्यांच्या कडेला हळद, पावडर व घाम साचून दागिना मंद दिसू लागतो. मात्र तो साबणाच्या पाण्यात बुडवला, तर पाणी खड्याखालच्या चकाकत्या वर्खापर्यंत उतरते आणि खडा कायमचा काळपट पडतो.

१. ताटात पांढरे फडके पसरून त्यावरच काम करावे, म्हणजे निसटलेला खडा हरवत नाही. दागिना कानाशी धरून हलकेच हलवावा. खुळखुळ ऐकू आली तर तो आधी सोनाराकडे न्यावा.
२. लहान मुलाच्या मऊ, कोरड्या ब्रशने कडांतील मळ बाहेरच्या दिशेने झाडावा.
३. चिकट डाग रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मलमलीने टिपावा, घासू नये, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावे.
४. धातूची काळवंडलेली पाठ केवळ कोरड्या मलमलीने पुसावी. चिंच किंवा टूथपेस्ट लावल्यास मुलामा जातो.

साध्या काचेच्या बांगड्या मात्र कोमट पाण्यात खुशाल धुवाव्यात, चमकी चिकटवलेल्या नव्हेत.

सॅनिटायझर व अत्तर लाखेला लावू नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. वाळवणे सावलीतच, आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपरावर ठेवलेली बांगडी मऊ होऊन खडे सोडते.