सणाच्या फोटोसाठी कापडी पडदा उभारताना या चुका टाळा

कुटुंबाच्या फोटोमागे कापडाचा पडदा उभा करायचा म्हटला की बहुतेक जण पहिल्यांदा रंग ठरवतात, मग माळा आणि दिवे जमवतात आणि सर्वांत शेवटी, फोटोच्या दिवशी सकाळी, पडद्याचे माप घेतात. हा क्रम उलटा आहे. पडदा बिघडतो तो रंगामुळे क्वचितच, मापामुळे आणि पायामुळे मात्र हमखास. गेली अनेक वर्षे नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी असे पडदे उभे करताना आणि इतरांनी उभे केलेले सावरताना त्याच त्या चुका मी पाहत आलो आहे, आणि त्यांपैकी दोन चुकांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

पहिली चूक म्हणजे माणसांची रुंदी मोजून तेवढाच पडदा घेणे. चार मोठी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की साधारण सहा-साडेसहा फूट जागा लागते, म्हणून आठ फूट पडदा भरपूर झाला, असा हिशेब केला जातो. तो हिशेब माणसे पडद्याला पाठ टेकून उभी राहिली तरच खरा ठरतो. माणसांच्या मागे अंतर सोडले की कॅमेऱ्याला दिसणारा भाग मागे मागे पसरत जातो आणि पडद्याच्या दोन्ही कडांच्या बाहेरची भिंत, स्विचबोर्ड आणि दाराची चौकट फोटोत येते. हे लक्षात आले की घाईच्या माणसाला सुचणारा उपाय एकच असतो, आणि तो म्हणजे सगळ्यांना मागे सरकवून पडद्याला चिकटवणे. तिथून पुढची सगळी बिघाडांची मालिका सुरू होते. समोरच्या प्रकाशाने प्रत्येकाच्या डोक्यामागे काळी सावली पडते, कापडाची प्रत्येक चुणी चेहऱ्याइतकीच ठळक दिसते, आणि पडदा लाल किंवा गर्द पिवळा असेल तर त्याची छटा मानेवर आणि पांढऱ्या कपड्यांवर उतरते.

माणसे आणि पडदा यांच्यात किमान चार फूट अंतर असावे, यावर मी तडजोड करत नाही. मग पडदा किती रुंद हवा, हे काढायला एक साधा गुणाकार पुरतो. माणसांच्या ठिकाणी फोटोची चौकट जेवढी रुंद हवी, त्या रुंदीला कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतच्या अंतराने गुणावे आणि कॅमेऱ्यापासून माणसांपर्यंतच्या अंतराने भागावे. चार जण उभे आणि तीन जण पुढे बसलेले, असे सात जणांचे कुटुंब घेऊ. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरून चौकट ८ फुटांची हवी. मोबाइलच्या नेहमीच्या, म्हणजे झूम न केलेल्या कॅमेऱ्याने ही चौकट साधारण ६ फुटांवरून मिळते. पडदा त्यामागे ४ फूट, म्हणजे कॅमेऱ्यापासून १० फुटांवर. ८ गुणिले १० भागिले ६, म्हणजे १३ फुटांहून थोडा अधिक पडदा लागेल. आता तोच मोबाइल दुप्पट झूमवर ठेवून १२ फूट मागे जावे. पडदा १६ फुटांवर आला, माणसांची चौकट तेवढीच राहिली, पण पडदा मात्र पावणेअकरा फुटांत भागला. शिवाय कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे आणि दंड जवळून काढलेल्या फोटोत ओढल्यासारखे दिसतात, तेही टळते. खोली लहान असेल तर हा उपाय चालणार नाही, हे उघड आहे. अशा वेळी दोन जणांना खाली बसवून उभी रांग आखूड करावी, पण मधले अंतर खाऊ नये.

उंचीचेही असेच आहे, आणि तिथे चूक बहुधा फोटो काढणाऱ्याची असते. ७ फुटांवर दांडी असलेला पडदा पावणेसहा फूट उंचीच्या माणसाला पुष्कळ वाटतो. वरच्याच अंतरांवर कॅमेरा छातीच्या उंचीला, ४ फुटांवर, धरला तर त्या माणसाचे डोके पडद्यावर सुमारे ६ फूट ४ इंचांवर दिसते आणि दांडी जेमतेम आठ इंच वर राहते. पण लहान मुले चांगली दिसावीत म्हणून फोटो काढणारा खाली बसला आणि कॅमेरा २ फुटांवर आला, की तेच डोके बरोबर ७ फुटांवर जाऊन दांडीला टेकते. म्हणून मी दांडी ८ फुटांवरच ठेवतो.

कापडाचा अंदाज त्यावरून घ्यावा. साध्या सुती कापडाचा पन्हा ४४ इंच धरला तर चार पन्हे उभे जोडून, शिवणीत गेलेले वजा जाता, साडेचौदा फूट रुंदी मिळते. ती ११ फुटांच्या दांडीवर सरकवली की सव्वापटीहून थोड्या अधिक चुण्या पडतात आणि शिवणी त्या चुण्यांत लपतात. प्रत्येक पन्हा ९ फूट लांब घ्यावा, म्हणजे दांडीसाठी वर नेफा आणि खाली दुमड निघते. एकूण ३६ फूट, म्हणजे ११ मीटर कापड झाले. पैसे वाचवण्यासाठी कापड आडवे लावू नये, कारण मग शिवण नेमकी डोक्यांच्या मागून आडवी जाते. पडदा एकतर चापून ताणलेला असावा किंवा मुद्दाम चुण्यांचा असावा. मधला प्रकार नुसता चुरगळलेला दिसतो.

आता दुसरी चूक, जिचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एका नातेवाइकांकडे मी प्लास्टिकच्या पाइपांचा स्टँड उभा केला होता. दोन उभे पाइप, त्यांना पुढे-मागे प्रत्येकी दीड फुटाचे पाय आणि वर आडवा पाइप, एवढाच सांगाडा होता. पायांवर वजन ठेवायचे मी ठरवले होते, पण सगळे तयार होऊन उभे होते, लहान मूल रडायला लागले होते आणि ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ असे कोणीतरी म्हणाले. पडदा जमिनीवर पुढेपर्यंत पसरून त्यावरच खुर्च्या मांडल्या होत्या, कारण फोटोत भिंत आणि फरशी यांची रेघ दिसू नये. चौथ्या फोटोच्या वेळी आजोबा खुर्ची थोडी पुढे ओढून बसले आणि अख्खा सांगाडा सावकाश, जणू नमस्कार करत, मागच्या रांगेच्या डोक्यांवर आला. पाइप हलका होता म्हणून कोणाला लागले नाही, पण काकूंच्या केसांत अडकलेली दिव्यांची माळ सोडवायला पंधरा मिनिटे गेली आणि मूल तोवर झोपून गेले.

सगळ्यांनी दोष छताच्या पंख्याला दिला. पंखा चालू होता हे खरे, आणि एवढे मोठे कापड शिडासारखी हवा धरते हेही खरे, पण पंखा तर पहिल्या फोटोपासूनच फिरत होता. खरे कारण मला आवराआवर करताना दिसले. खुर्चीच्या मागच्या एका पायाखाली कापड घट्ट दाबले गेले होते आणि खुर्ची पुढे सरकताना तिने कापड आपल्याबरोबर ओढले होते. कापड आठ फुटांवरच्या दांडीला बांधलेले, त्यामुळे खालची ती वितभर ओढ थेट वर जाऊन पोचली. तिथे टेकू फक्त दीड फुटाच्या पायांचा होता आणि त्या पायांवर वजन काहीच नव्हते.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पडद्याचे कापड जमिनीपासून दोन बोटे वरच थांबते आणि खाली अंथरायचे कापड पूर्णपणे वेगळे असते. वजनाच्या बाबतीत, प्रत्येक बाजूच्या पायांवर मी पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या दोन-दोन बाटल्या आडव्या बांधतो, म्हणजे बाजूला चार किलो होतात आणि ते वजन जमिनीलगत राहते. वजन दांडीजवळ लटकवण्याचा काही उपयोग नाही, उलट स्टँड अधिक डोलतो. तिपायी स्टँड असेल तर प्रत्येकाचा एक पाय माणसांच्या दिशेने वळवावा, कारण पडायची दिशा तीच असते. एवढे करून मी दांडी मधोमध धरून हलकेच पुढे ओढून पाहतो, आणि मागचे पाय उचलले गेले तर आणखी बाटल्या भरतो. ११ फुटांचा प्लास्टिकचा पाइप कापडाच्या भाराने मध्यावर झुकतो, म्हणून मधे तिसरा उभा पाइप लावावा. तो चुण्यांमागे दिसत नाही.

उरलेल्या चुकांना एवढी जागा द्यायची गरज नाही. चकचकीत सॅटिन हातात सुंदर वाटते, पण फ्लॅशमध्ये त्यावर पांढरे डाग उमटतात, त्यामुळे मी ते वापरत नाही. मखमल वापरायची असेल तर सगळ्या पन्ह्यांची लव एकाच दिशेने असावी, नाहीतर एकाच रंगाचे कापड दोन रंगांचे दिसते. पातळ कापडामागे खिडकी असेल तर खिडकीचे गजही फोटोत मोजता येतात, म्हणून मागे अस्तर लावावे किंवा जागा बदलावी. इस्त्री आदल्या दिवशी करून कापड घडी न घालता लगेच टांगावे. मोबाइलच्या पार्श्वभूमी धूसर करणाऱ्या सोयीवर विसंबून चुरगळलेला पडदा तसाच ठेवणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही, कारण ती सोय सुटे केस आणि माळांचे दोरेही अर्धवट पुसून टाकते. पेटता दिवा कापडाजवळ नको, मग तो फोटोत कितीही शोभो.

सजावटीच्या वस्तूंबाबत मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वरच्या दोन्ही चुकांशी तिचा संबंध आहे. नवशिके सगळी सजावट वर, डोक्यांच्या उंचीला लावतात. परिणामी कोणाच्या कानातून फूल उगवते आणि कोणाच्या मानेवरून तोरणाची आडवी रेघ जाते. माझ्याकडे वस्तू बहुतेक गुडघ्याखाली असतात. पडदा आणि खालचे कापड यांच्यात राहिलेली ती दोन बोटांची फट झाकणे हेच त्यांचे पहिले काम असते. दोन्ही कोपऱ्यांत कुंड्या, घडे किंवा टोपल्या असा एकेक पुंजका मांडावा, एका बाजूला तीन वस्तू तर दुसऱ्या बाजूला दोन, आणि त्यांच्यामागे बाटल्या बांधलेले पाय आपोआप लपतात. वर माळ हवीच असेल तर ती दांडीपासून फूटभरच खाली सोडावी. मग कोणालातरी मधोमध उभे करून, जिथून फोटो काढायचा आहे तिथूनच एक फोटो काढावा आणि तो मोठा करून फक्त चार कोपरे पाहावेत.